डेक्सा नॉर्मल, हाडं मजबूत, तरी खुबा मोडला. उंचीमुळे?

सावनी_के | शनिवार, रात्री 9:12

मंडळी, जरा डोकं खाणारा प्रश्न आहे.

माझी आत्या 71 वर्षांची. उंची पाच फूट आठ इंच, तिच्या पिढीत म्हणजे ताडच. वजन 60 किलो, काटक. गेल्या महिन्यात ओट्याकडून मागे वळताना पाय सरकला आणि डाव्या कुशीवर आपटली. खुब्याचं हाड बॉलच्या खालच्या मानेत मोडलं, बॉल बदलावा लागला. आता वॉकरवर चालतेय, तब्येत ठीक आहे.

गंमत पुढे आहे. तिची डेक्सा, म्हणजे हाडांची घनता बघायची चाचणी, दिवाळीच्या आधीच झाली होती. खुब्याचा टी स्कोअर उणे 0.7, म्हणजे नॉर्मल. माझी आई त्याच घरात राहते, ती आत्याची वहिनी. उंची चार फूट अकरा, वजन 55. तिचा टी स्कोअर उणे 2.6, म्हणजे सरळ ऑस्टिओपोरोसिस. आईही मागच्या वर्षी त्याच फरशीवर पडली होती. मागच्या मागे बसकण मारली, चार दिवस शेकलं आणि उठली.

ऑपरेशन करणारे डॉक्टर जाता जाता म्हणाले, "उंच बायकांचा खुबा जास्त मोडतो." घरी कुणालाच हे पटलेलं नाही. उंच माणसाची हाडं मोठी असतात ना? मग ती लवकर का मोडावीत?

---

बंड्या_सदाशिव | 9:31

सोपं आहे. उंच माणसाचा गुरुत्वमध्य वर असतो, त्यामुळे तोल पटकन जातो. उंच माणसं जास्त पडतात म्हणून जास्त मोडतात. शिवाय त्या पिढीत दूध-दही कमी. कॅल्शियम सुरू करा.

---

मृणाल७७ | 9:40

माझ्या मुलाची उंची बारावीनंतर वाढेल का? बाबा पाच सहा, मी पाच दोन. हाडांचा विषय निघालाय म्हणून विचारते.

---

बंड्या_सदाशिव | 9:43

ताई, धागा उंची वाढवायचा नाहीये, उंच असण्याच्या तोट्यांचा आहे. त्याला आहे तसाच राहू द्या.

---

निवृत्त_ऑर्थो | 10:25

सावनीताई, तुमच्या डॉक्टरांनी थाप मारलेली नाही. अमेरिकेत नर्सेसचा एक फार मोठा अभ्यास वर्षानुवर्षं चालू आहे. त्यातल्या 90 हजारांवर बायकांचे आकडे 1995 साली आले. पाच फूट आठ आणि त्याहून उंच बायकांमध्ये खुबा मोडण्याचं प्रमाण पाच फूट दोनच्या आतल्या बायकांच्या दुपटीहून जास्त होतं. त्याच गटाने त्याआधी पुरुषांचे आकडे पाहिले होते, तिथेही हेच.

बंड्याराव, गुरुत्वमध्य वर असतो हे खरं. पण त्यामुळे उंच माणसं जास्त वेळा पडतात असं म्हणता येणार नाही. उलट उंच वस्तू कलायला लागली की जमिनीपर्यंत यायला तिला वेळ जास्त लागतो. फरक पडतो तो आपटण्यात.

खुबा मोडतो कसा ते आधी बघा. पुढे पडलं की हातावर निभावतं, मनगट मोडतं. मागे पडलं की बूड आपटतं, कधी मणका दबतो. खुब्यासाठी माणूस कुशीवर पडावा लागतो आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला हाताला लागतं ते टोक, ट्रोकँटर, ते सरळ जमिनीवर आदळावं लागतं. कुशीवर पडलात तर खुब्याचा धोका इतर पडण्यांच्या साधारण सहापट होतो. तरुणपणी आपण पडता पडता पाऊल टाकतो, हात पुढे करतो. सत्तरीत ते जमत नाही. त्यातून जोरात चालणारा पुढे फेकला जातो, पण उभ्या उभ्या वळणारा किंवा हळू चालणारा जागच्या जागी बाजूला कोसळतो. आत्याबाई ओट्याकडून वळत होत्या. आई मागे बसल्या. म्हणजे दोघींची पडझडच वेगळी होती. एवढ्यावरूनच निम्मं उत्तर मिळतं.

उरलेल्या निम्म्यात उंची येते. उद्या लिहितो.

---

लोखंडेकाका | 10:50

माझी उंची सहा फूट, वय 78. तीन वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून उतरताना पडलो, मनगट मोडलं. खुबा शाबूत आहे. म्हणजे उंचीचं हे सगळ्यांना लागू नाही. असो. काठी वापरावी का?

---

डेक्सावाली | रविवार, सकाळी 8:05

मी हेच मशीन चालवते, म्हणून रिपोर्टपुरतं बोलते. बाकी डॉक्टरसाहेब सांगतीलच.

"टी स्कोअर नॉर्मल म्हणजे हाड दाट" असं सगळे धरून चालतात. मशीन खरी घनता मोजतच नाही. ते वरून चित्र काढतं आणि त्या सपाट चित्रातल्या एका चौरस सेंटीमीटरमागे किती ग्रॅम खनिज आहे ते सांगतं. हाड किती जाड आहे, म्हणजे टेबलाच्या दिशेने किती खोल आहे, ते त्याला दिसत नाही.

समजा दोन हाडांत खनिज सारखंच दाट आहे, घन सेंटीमीटरला 0.3 ग्रॅम. एक हाड 2.7 सेंटीमीटर खोल, दुसरं 3 सेंटीमीटर. पहिल्याचा आकडा येईल 0.81 आणि दुसऱ्याचा 0.90. माल तोच, पण मोठ्या हाडाचा आकडा दहा टक्क्यांहून जास्त वर गेला. टी स्कोअरमध्ये तो पाऊण अंकाच्या आसपास फरक होतो. उंच माणसाला रिपोर्टमध्ये हा फायदा फुकट मिळतो आणि बुटक्या माणसाला भुर्दंड बसतो. सावनी, तुझ्या आईचा उणे 2.6 सगळाच खोटा आहे असं नाही हं, पण त्यातला थोडा वाटा तिच्या छोट्या हाडांचा असणार.

---

सावनी_के | 8:40

म्हणजे आत्याची हाडं "मजबूत" हे मुळात अर्धवट होतं?

---

डेक्सावाली | 8:52

अर्धवट म्हण. मोठं हाड खरंच जास्त भार सोसतं, त्यामुळे आकडा अगदीच निरुपयोगी नाही. फक्त त्याच माणसाच्या अंगाला आणि त्याच्या पडण्याला ते हाड पुरेल का, हे आकडा सांगत नाही.

---

निवृत्त_ऑर्थो | 11:15

वा, हे फार छान सांगितलंत. बरेच डॉक्टरही हे विसरतात.

आता आपटण्याचा हिशोब. आत्या आणि आई यांचेच आकडे घेऊ. उभं असताना खुबा जमिनीपासून साधारण उंचीच्या निम्म्यावर असतो. आत्याचा 86 सेंटीमीटरवर, आईचा 75 वर. वजन, गुरुत्व आणि ही उंची यांचा गुणाकार केला की आत्याच्या पडण्यात 500 ज्यूल ऊर्जा, आईच्या पडण्यात 400. आत्याची सव्वापट. ही सगळी खुब्यात जात नाही. बरीचशी स्नायू ओढून धरण्यात, गुडघा दुमडण्यात, बाकीचं अंग टेकण्यात जाते. पण प्रयोगशाळेत म्हाताऱ्या माणसाचं हाड मोडायला लागणारी ऊर्जा जेमतेम दोन आकडी ज्यूलच्या घरातली असते. म्हणजे उभ्याने पडण्यात खुबा मोडण्यापुरती ऊर्जा सगळ्यांकडेच असते, कितीतरी पटीने जास्त. प्रश्न एवढाच की त्यातली किती हाडापर्यंत पोचते.

इथे कुशीवरचं मांस-चरबी कामी येते. बाहेरून हात लावला तर काटक बाईच्या ट्रोकँटरवर बोटाच्या पेराएवढंही काही नसतं. जाड बाईच्या चार-पाच सेंटीमीटर असतं. प्रयोगांत असं दिसलं की एक मिलिमीटर गादी वाढली की हाडावरचा मार साधारण 70 न्यूटनने उतरतो. आत्याला दीड सेंटीमीटर आणि आईला चार धरलं, हा माझा अंदाज आहे, तर एवढ्यानेच पावणेदोन हजार न्यूटनचा फरक पडला. सत्तरीच्या पुढची हाडं प्रयोगशाळेत कुशीवर पडल्यासारखी दाबली, तर सरासरी साडेतीन हजार न्यूटनच्या आसपास मोडतात. तरुण हाडं त्याच्या दुप्पट सोसतात.

---

बंड्या_सदाशिव | 11:32

म्हणजे दोष उंचीचा नाही, बारीक असण्याचा! बायकोला दाखवतो हा प्रतिसाद.

---

निवृत्त_ऑर्थो | 11:50

दाखवा, पण पुढचंही दाखवा. वजन जमेला धरून हिशोब केला तरी उंचीचा धोका उरतोच. अमेरिकेतच 65 वर्षांपुढच्या साडेनऊ हजार बायकांचा अभ्यास झाला, तो 1995 चाच. त्यात पंचविशीत असलेली उंची विचारली होती. दर सहा सेंटीमीटर उंचीमागे खुब्याचा धोका सुमारे वीस टक्क्यांनी वाढला. पंचविशीतली उंची विचारायचं कारण असं की म्हातारपणी मणके दबून माणूस खुजा होतो. ती घटलेली उंची मोजली तर सगळा घोळ होतो.

---

मृणाल७७ | 12:10

आमच्या सासूबाई तशाच झाल्यात, पाच दोनच्या पाच फूट. मग त्यांचा धोका कमी झाला का?

---

निवृत्त_ऑर्थो | 12:22

नाही हो, उलट. मांडीचं हाड आहे तेवढंच लांब आहे, मणके मात्र मोडून दबलेत. दोन इंच उंची जाणं हीच धोक्याची खूण आहे. त्यांच्या पाठीचा एक्स-रे काढून घ्या.

---

तुळई_आणि_खांब | 1:05

स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, वैद्यकातलं कळत नाही. पण डॉक्टरसाहेबांच्या हिशोबात एक गोष्ट खटकते.

दोन माणसांची ठेवण अगदी एकसारखी धरा, एक फक्त पंधरा टक्के उंच. वजन उंचीच्या वर्गाने वाढतं म्हणा. मग पडण्याची ऊर्जा उंचीच्या घनाने, म्हणजे जवळजवळ 50 टक्क्यांनी वाढली. पण मार ऊर्जेच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे 22-23 टक्के. हाडही त्याच प्रमाणात सगळीकडून मोठं असेल तर त्याची ताकद उंचीच्या वर्गाने वाढेल, म्हणजे 32 टक्के. या हिशोबाने उंच माणूस जिंकायला हवा! आकडे मात्र उलटं सांगताहेत. म्हणजे हाड प्रमाणात वाढत नसावं. बरोबर?

---

निवृत्त_ऑर्थो | 5:40

साहेब, प्रश्न एकदम नेमका आहे आणि माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. कुणाकडे आहे असंही मला वाटत नाही. पण दोन गोष्टी सांगतो.

पहिली, खुब्याची लांबी. ट्रोकँटरच्या बाहेरच्या कडेपासून मानेतून, बॉलमधून ओटीपोटाच्या हाडाच्या आतल्या कडेपर्यंत जी सरळ रेघ जाते तिला हिप अ‍ॅक्सिस लेंग्थ म्हणतात. बायकांत ती साधारण दहा-साडेदहा सेंटीमीटर भरते. 1993 साली फॉकनर आणि मंडळींनी त्याच साडेनऊ हजारांच्या अभ्यासातल्या बायकांच्या डेक्सा चित्रांवर ती मोजली. लांबी एका प्रमाण विचलनाने जास्त असली की खुबा मोडण्याची शक्यता 1.8 पट. घनता, वय, उंची, वजन सगळं बाजूला काढूनही. उंच बायकांत ही लांबी सहसा जास्त असते, पण सगळ्यांत नाही. काही मध्यम उंचीच्या बायकांचीही असते. न्यूझीलंडमध्ये 1950 च्या दशकातले जुने एक्स-रे आणि 1990 च्या दशकातले ताडून पाहिले, तर मधल्या काळात ही लांबी वाढलेली दिसली. त्याच काळात तिथलं खुबे मोडण्याचं प्रमाणही वाढलं होतं. जपानी बायकांची घनता गोऱ्या अमेरिकन बायकांपेक्षा कमी असून त्यांचे खुबे कमी मोडतात, याचंही एक कारण आखूड मान हे दिलं जातं.

दुसरी गोष्ट तुम्हाला जास्त आवडेल. मान हा तुमच्या भाषेत पुढे आलेला छज्जा आहे. चालताना वजन वरून येतं, त्यामुळे मानेची खालची बाजू दाबली जाते आणि वरच्या बाजूवर फारसा दाब येत नाही. हाडाचा नियम असा की जिथे काम नाही तिथे माल कमी होतो. साठी-सत्तरीत मानेच्या वरच्या बाजूची भिंत इतकी पातळ होते की कापून पाहिलं तर काही ठिकाणी मिलिमीटरही भरत नाही. खालची मात्र चांगली जाड राहते. आता कुशीवर पडा. मार बाहेरून आत येतो, सगळं उलटं होतं आणि दाब नेमका त्या वरच्या पातळ भिंतीवर येतो. ती चिरडण्याआधी वाकून दुमडते. 2005 साली केंब्रिजच्या मंडळींनी लॅन्सेटमध्ये हे मांडलं होतं.

---

तुळई_आणि_खांब | 6:15

आलं लक्षात! मग लोकल बकलिंग म्हणा की. नळीचा व्यास वाढवून भिंत तेवढीच ठेवली तर वाकायला ती मजबूत दिसते, पण व्यास आणि जाडीचं गुणोत्तर बिघडलं की दाबाखाली भिंत सुरकुतते. उंच माणसाचं हाड रुंद आहे म्हणून डेक्सात आकडा चांगला, पण वरची भिंत काही उंचीच्या प्रमाणात जाड नाही. माझा हिशोब तिथेच कोसळतो.

---

निवृत्त_ऑर्थो | 6:30

तसंच. फक्त उंच लोकांची भिंत प्रमाणाने पातळ असतेच असते असं ठासून सांगायला मी तयार नाही. काहींची असते. तुमच्या गणितातलं कोडं त्यामुळे थोडं शिल्लकच राहतं.

---

ओस्लोकर | 7:48

मी नॉर्वेत असतो. खुबे मोडण्याच्या बाबतीत हा देश जगात अगदी वरच्या क्रमांकात आहे. इथले आजी-आजोबा पाहिले की उंचीचं पटतं. सहा फुटी आजोबा वॉकर घेऊन चाललेले असतात. पण इथे पाच-सहा महिने रस्त्यावर बर्फाची साय असते हो, त्याचं काय? उंचीपेक्षा बर्फ जास्त पाडत असेल.

---

निवृत्त_ऑर्थो | 8:20

बर्फाने मनगटं जास्त मोडतात. इतकं बर्फ असून तिथेही खुबे बहुतेक घरातच मोडतात, पलंग आणि बाथरूम यांच्या मधे. तरी नॉर्वेचं सगळं श्रेय उंचीला देऊ नका. दोन देशांच्या तुलनेत ऊन, आयुर्मान, सिगारेट, शंभर गोष्टी येतात. मी एकाच देशातल्या उंच आणि बुटक्या माणसांच्या तुलनेवर जास्त विसंबतो.

---

लोखंडेकाका | 8:35

माझ्या काठीचं राहिलं.

---

फिजिओ_अनघा | 9:02

काका, मी सांगते. दुकानातून जी उचलली ती काठी सहा फुटी माणसाला हमखास आखूड पडते. मग तुम्ही तिच्या बाजूला झुकून चालता आणि तोल गेला की त्याच कुशीवर जाता. नेहमीच्या चपला घालून ताठ उभे राहा, हात सैल सोडा. मनगटाची घडी जिथे येते तिथे काठीची मूठ यायला हवी. धरल्यावर कोपर थोडंसं वाकलेलं राहील. खालून बटणाने उंची बदलणारी अ‍ॅल्युमिनियमची काठी घ्या, आणि शेवटच्या भोकापर्यंत ओढूनही कमी पडत असेल तर ती परत करा. वॉकरलाही हेच माप. सावनी, आत्यांचा वॉकर एकदा बघ, मी पाहिलेल्या उंच पेशंटांपैकी बऱ्याच जणांचा खाली सोडलेला असतो.

आणि कमोडची सीट उंच करणारी रिंग मिळते, ती बसवून घ्या. लांब मांड्यांच्या माणसाला नेहमीच्या कमोडवरून उठताना पुढे फार झुकावं लागतं. उठलं की पहिल्या वळणावरच पडतात. नवीन बॉल बसवल्यावर सुरुवातीला खूप खाली बसायचंही नसतं, त्यासाठीही ती लागतेच.

---

सावनी_के | 9:30

अनघा, वॉकर आत्ताच पाहून आले. चक्क दोन भोकं वर घ्यावा लागला! आत्या म्हणते, "आता कुठे माणसासारखी चालतेय."

डॉक्टरसाहेब, खुब्यावर बांधायची ती गादीवाली चड्डी मिळते, ती घ्यावी का? आणि हाड नॉर्मल आहे तर आत्याला औषधाची गरज नाही ना? ती गोळ्या म्हटलं की नाक मुरडते.

---

निवृत्त_ऑर्थो | 10:05

औषधाबद्दल आधी. उभ्याने पडून खुबा मोडला की टी स्कोअर काहीही असो, ते हाड ठिसूळच समजायचं. त्यामुळे औषध सुरू करायला हवं. गोळ्या नको असतील तर वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रोनेट आहे. खुबा मोडलेल्यांवरच त्याची मोठी चाचणी झाली होती, 2007 साली निकाल आला. नवीन फ्रॅक्चर 35 टक्क्यांनी कमी झाली. आधी ड जीवनसत्त्व आणि किडनी तपासून घ्या, ते तुमचे डॉक्टर बघतील.

गादीची चड्डी कामाची आहे, पण अंगावर असली तर. वृद्धाश्रमात कुणीतरी घालायला लावतं, तिथे थोडा फायदा दिसतो. घरी राहणाऱ्यांत फारसा दिसत नाही, कारण ती गरम होते, रात्री बाथरूमला जाताना काढायला अवघड पडते आणि आठवडाभरात कपाटात जाते. आत्याबाई घालणार असतील तर जरूर घ्या, त्या काटक आहेत, त्यांना इतरांपेक्षा जास्त उपयोग होईल.

---

बंड्या_सदाशिव | 10:18

हाड मोडण्याचा धोका काढायचं फ्रॅक्स नावाचं कॅल्क्युलेटर आहे ना, त्यात उंची विचारतात. मग ते हे सगळं धरतंच की.

---

निवृत्त_ऑर्थो | 10:34

उंची विचारतात ती वजनाशी गुणोत्तर काढायला. बारीक आहात का एवढंच त्यातून कळतं. खुब्याची लांबी त्यात नाही. पाच आठ आणि चार अकरा, दोघींचं गुणोत्तर सारखं आणि बाकी सगळं सारखं असेल तर फ्रॅक्स दोघींना एकच आकडा देईल.

---

सावनी_के | 10:41

मग आत्याच्या उजव्या खुब्याची ती लांबी जुन्या डेक्सातून काढता येईल का?

---

डेक्सावाली | सोमवार, सकाळी 7:55

येऊ शकते. काही मशिनच्या सॉफ्टवेअरमध्ये ती आपोआप मोजली जाते, रिपोर्टवर मात्र सहसा छापत नाहीत. जिथे केली तिथे जाऊन जुनी फाइल उघडून द्यायला सांग. पाळी गेलेल्या बायकांत या लांबीचा खुब्याच्या धोक्याशी संबंध आहे, हे आमच्या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेनेही 2015 मध्ये मान्य केलंय, त्यामुळे विचारायला संकोच नको.

फक्त चित्र नीट आहे का ते बघून घे. पाय आत वळवून पट्ट्याने बांधायचा असतो, पंधरा-वीस अंश. तसा वळवला नसेल तर मान चित्रात तिरकी येते, लांबी खरीपेक्षा कमी दिसते आणि घनता खरीपेक्षा जास्त. ओळखायचं असं: मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूला खाली एक छोटा उंचवटा असतो, तो चित्रात जेमतेम दिसला पाहिजे. टेंगळासारखा ठळक बाहेर आलेला असेल तर पाय वळवलेलाच नव्हता. तसं असेल तर तो उणे 0.7 पण पुन्हा मोजायला हवा.

---

सावनी_के | 8:20

रिपोर्टवरच्या छोट्या चित्रात उंचवटा चांगलाच दिसतोय. आज दुपारी सेंटरला जातेय.